‘आवश्यक तितका काळ’ म्हणजे नेमका किती?

कराडजवळच्या एका गावातून गोडा मसाला, मेतकूट आणि पापड विकणाऱ्या एका ताईंच्या वेबसाइटवर तळाशी बारीक अक्षरात ‘गोपनीयता धोरण’ असे लिहिलेले होते. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने कुठल्या तरी मोठ्या दुकानाचे इंग्रजी धोरण घेऊन त्याचा मराठी तर्जुमा तिथे चिकटवला होता. त्यातली दोन कलमे अशी होती:

*‘या संकेतस्थळाचा वापर करून आपण आपल्या वैयक्तिक माहितीच्या संकलनास, प्रक्रियेस व आमच्या व्यावसायिक भागीदारांसोबतच्या आदानप्रदानास बिनशर्त संमती देत आहात असे मानले जाईल.’*

*‘आपली वैयक्तिक माहिती वैध व्यावसायिक प्रयोजनांच्या पूर्ततेसाठी आवश्यक असेल तितक्या कालावधीकरिता जतन केली जाईल.’*

ताईंनी ही कलमे मला दाखवली आणि म्हणाल्या, “हे सोप्या मराठीत करून द्या.” वाक्ये लहान करणे आणि ‘संकेतस्थळ’च्या जागी ‘वेबसाइट’ घालणे एवढेच काम आहे, असे त्यांना वाटत होते. पण दुसरे कलम सोपे करायला बसलो की पहिल्याच ओळीला अडते. ‘तुमची माहिती आम्ही ... पर्यंत ठेवतो’ या वाक्यातली रिकामी जागा भरायला आकडा लागतो, आणि आकडा कोणीच ठरवलेला नसतो. ‘जतन केली जाईल’ म्हटले की जतन कोण करणार आणि कुठे, हे सांगावे लागत नाही. ‘आम्ही ठेवतो’ म्हटले की सांगावे लागते. त्यामुळे लेखणी उचलण्याआधी एका ऑर्डरचा माग काढणे भाग होते.

समजा, १५ ऑक्टोबर २०२६ ला, दिवाळीच्या तोंडावर, इंदूरच्या एका गिऱ्हाइकाने ६४० रुपयांचा मसाला आणि पापड मागवले. त्यांचे नाव, पत्ता, पिनकोड, मोबाईल नंबर आणि ईमेल वेबसाइटच्या ऑर्डर यादीत येतात. पैसे पेमेंट गेटवेवर भरले जातात. ताईंच्या मुलीने कुरियर कंपनीच्या पॅनेलवर तोच पत्ता आणि नंबर पुन्हा टाइप केला. पार्सल निघाल्याचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला, म्हणजे नंबर ताईंच्या फोनमध्ये सेव्ह झाला. बिल निघाले, त्यावर सगळा पत्ता आणि नंबर छापला गेला. महिन्याच्या शेवटी सगळी बिले एका एक्सेल फाइलबरोबर सीएंना मेल झाली. आणि तो नंबर ‘दिवाळी फराळ’ नावाच्या आणखी एका फाइलमध्ये गेला, कारण पुढच्या वर्षी फराळाची जाहिरात सगळ्यांना पाठवायची असते. ६४० रुपयांची एक ऑर्डर, आणि माणसाचा पत्ता सहा-सात ठिकाणी. ताई हातानेही एक वही लिहितात. २०२३ चा ‘डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन’ कायदा डिजिटल स्वरूपातल्या माहितीला लागू होतो, त्यामुळे कागदावरची वही त्यात येत नाही. पण वहीचे पान फोटो काढून फोनमध्ये ठेवले की ते येते.

हा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती, सूचना आणि माहिती पुसणे याविषयीची मुख्य कलमे नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अंमलात येतात. छोट्या विक्रेत्याला तयारीसाठी मिळालेली ही मुदत आहे. ताईंना यातला एकच सणाचा हंगाम मिळणार होता.

आता संमतीचे कलम. कायद्याला हवी असलेली संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, समजून-उमजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते. आणि माणसाने स्वतः काहीतरी कृती करून ती दिलेली असावी लागते. वेबसाइट नुसती उघडली म्हणजे होकार दिला, हे ताईंच्या जुन्या कलमाचे म्हणणे इथेच कोसळते. शिवाय त्यातला ‘बिनशर्त’ हा शब्द नेमका उलट्या जागी बसला होता. कायद्याच्या म्हणण्याप्रमाणे विक्रेत्याने संमतीला अट जोडायची नाही. जुन्या कलमात मात्र गिऱ्हाइकाने सगळे बिनशर्त सोडून द्यायचे, असा अर्थ झाला होता.

ताईंना पहिली शंका आली ती अगदी रास्त होती. “अहो, पत्ता-नंबर द्यायला कुणी नाही म्हटलं, तर कुरियरवाला जाणार कुठं?” याचे उत्तर असे, की ऑर्डर पोहोचवण्यासाठी गिऱ्हाईक स्वतःहून पत्ता देते, तेव्हा त्या कामासाठी त्याचा वापर करायला वेगळी खूण मागायची गरज नाही. कायद्यातच औषधाच्या दुकानाचे उदाहरण आहे: गिऱ्हाइकाने स्वतःचा नंबर देऊन पैसे मिळाल्याची पोच मागितली, तर दुकानदार तेवढ्यासाठी तो नंबर वापरू शकतो. तेवढ्यासाठीच, ही खरी मेख आहे. मसाला पोहोचवायला दिलेला नंबर पुढच्या दिवाळीच्या जाहिरातीला चालत नाही. ते वेगळे काम, त्याला वेगळा होकार.

म्हणून ऑर्डरच्या पानावर दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आधी एक छोटी सूचना, जी धोरणाचे लांब पान न उघडताही कळते; नियमांत ही अट स्पष्ट आहे की सूचना स्वतंत्रपणे वाचून समजली पाहिजे. त्याखाली एक रिकामा चौकोन. ताईंच्या पानावर आता हे असे दिसते:

*‘ऑर्डर पोहोचवण्यासाठी आम्ही तुमचे नाव, पत्ता, पिनकोड आणि मोबाईल नंबर घेतो. ते आम्ही कुरियर कंपनीला देतो. पैसे तुम्ही पेमेंट गेटवेवर भरता. तुमच्या कार्डाचा नंबर आमच्याकडे येत नाही.’*

*‘☐ नवा माल आणि सणाचा फराळ यांचे मेसेज मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. (इथे खूण केली नाही तरी तुमची ऑर्डर नेहमीसारखीच येईल.)’*

ईमेलची रकाना-पट्टीच काढून टाकली. ईमेलवर ताई कधी काही पाठवतच नाहीत, मग तो मागायचा कशाला? कामाला लागत नाही ती माहिती संमती घेऊनही मागता येत नाही, कारण कायद्याने संमतीची व्याप्तीच त्या कामाला लागणाऱ्या माहितीपुरती ठेवली आहे.

चौकोनात आधीच खूण करून ठेवायची नाही. वेबसाइट करणाऱ्या मुलाने ती करून ठेवली होती, ‘म्हणजे यादी भराभर वाढते’ म्हणून. ती वाढ खोटी असते. खरेदीच्या संमतीबाबत ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी अशी आधीच केलेली खूण केव्हाच नाकारली आहे, आणि नव्या कायद्यातल्या ‘स्वतः केलेली कृती’ या अटीतही ती बसत नाही. वाद झालाच तर संमती घेतली होती हे सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्यावर असते. त्यामुळे ऑर्डर यादीत एक रकाना वाढवला: खूण केली की नाही, कोणत्या तारखेला, आणि त्या दिवशी पानावर सूचनेचा कोणता मसुदा होता.

संमती काढून घेण्याची सोय देण्याइतकीच सोपी हवी, असे कायदा म्हणतो. एका खुणेने दिलेला होकार परत घ्यायला ‘आमच्या नोंदणीकृत पत्त्यावर लेखी अर्ज करा’ म्हणणे बसत नाही. धोरणातले कलम असे झाले:

*‘मेसेज नको झाले, तर आमच्या कोणत्याही मेसेजला “बंद” एवढेच उत्तर पाठवा. दोन दिवसांत तुमचा नंबर मेसेजच्या यादीतून काढू. तुम्ही आधी दिलेली ऑर्डर त्यामुळे अडणार नाही. ती ठरल्याप्रमाणे येईल.’*

शेवटचे वाक्य गिऱ्हाइकाच्या धास्तीसाठी आहे आणि कायद्याला धरूनही आहे. पैसे भरून झाल्यावर एखाद्याने संमती काढून घेतली, तरी त्या ऑर्डरचा माल पोहोचवण्यापुरती माहिती वापरता येते. असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. ‘दोन दिवसांत’ हा आकडा मात्र ताईंचा. मी ‘लगेच’ लिहिले होते, त्यावर त्यांनी विचारले, “लग्नाला गेले असेन, तर?” आपल्याला पाळता येईल तेच लिहायचे, हे त्यांना माझ्याआधी सुचले.

जुन्या यादीचा प्रश्न राहिलाच. ‘दिवाळी फराळ’ फाइलमध्ये प्रदर्शनात मिळालेले नंबर होते, ऑर्डरमधून उचललेले होते, नणंदेने दिलेलेही होते. यातल्या कोणालाच कधी विचारलेले नव्हते, म्हणून जुनी संमती आहे असे म्हणायलाही जागा नव्हती. ठरले असे की प्रत्येकाला एकदाच विचारायचे: मेसेज हवे असतील तर ‘हो’ पाठवा. उत्तर आले नाही तर नंबर काढायचा. गप्प बसलेल्याला होकार समजायचे नाही. यादी बरीच आक्रसेल, हे त्यांना मी आधीच सांगितले.

आता ‘आवश्यक तितका काळ’. इथे सगळ्यांत जास्त गोंधळ आहे आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. काही विक्रेते कायद्याच्या भीतीने ‘मागताक्षणी सगळी माहिती पुसू’ असे लिहून मोकळे होतात. बाकीचे कुठून तरी ‘तीन वर्षे’ हा आकडा उचलतात. तीन वर्षांचा नियम आहे खरा, पण तो भारतात दोन कोटी किंवा अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांसाठी आहे: गिऱ्हाईक तेवढा काळ फिरकले नाही तर अठ्ठेचाळीस तास आधी कळवून त्यांनी माहिती पुसायची. कराडजवळच्या पापडांना तो लागू नाही. ताईंसारख्यांसाठी सर्वसाधारण तत्त्व आहे: काम संपले किंवा संमती काढून घेतली, यांतले जे आधी होईल तेव्हा माहिती पुसायची, दुसरा एखादा कायदा ठेवायला सांगत असेल तर तेवढी ठेवायची.

दुसरा कायदा म्हणजे बहुतेक वेळा जीएसटी. हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. इंदूरची ऑर्डर २०२६-२७ या आर्थिक वर्षातली. त्याच्या वार्षिक विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२७. तिथून ७२ महिने मोजले की ३१ डिसेंबर २०३३. म्हणजे त्या बिलाला सात वर्षांहून जास्त आयुष्य आहे. एप्रिलमधल्या विक्रीचे बिल पावणेआठ वर्षे राहते आणि मार्चमधल्याचे पावणेसात.

इथे थांबून नीट पाहायला हवे, कारण बहुतेक धोरणे याच ठिकाणी घसरतात. ‘जीएसटीसाठी ठेवावे लागते’ असे म्हणून ती गिऱ्हाइकाची सगळीच माहिती तेवढी वर्षे ठेवतात. ठेवायचे असते बिल. मग बिलावर काय लागते? गिऱ्हाईक जीएसटीत नोंदलेले नसेल आणि बिल पन्नास हजारांच्या खाली असेल, तर त्याने मागितल्याशिवाय बिलावर नाव-पत्ता असण्याची सक्ती नाही. माल दुसऱ्या राज्यात गेला तर कर कोणत्या राज्याचा हे ठरायला हवे, पण त्यासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून बिलावर राज्याचे नाव असले तरी पत्ता नोंदला असे धरले जाते. इंदूरच्या बिलावर ‘मध्य प्रदेश’ पुरेसे आहे. मोबाईल नंबर तर बिलाला लागतच नाही. तो तिथे होता, कारण बिलाच्या तयार नमुन्यात तशी जागा होती.

ताईंनी सीएंना विचारून नमुना बदलला. आता बिलावर गिऱ्हाइकाचे नाव आणि राज्य एवढेच छापले जाते. लग्नाची मोठी ऑर्डर पन्नास हजारांच्या वर गेली तर पत्ता येतो, आणि कोणी स्वतःच्या धंद्यासाठी जीएसटी क्रमांकाचे बिल मागितले तर त्याप्रमाणे. हा एक बदल केल्याबरोबर धोरणातले कलम दोन सोप्या भागांत पडले. बिल लांब काळ राहते, पण त्यातून कोणाचे घर सापडत नाही. पत्ता आणि नंबर कमी काळ राहतात.

कमी म्हणजे किती? इथे नियमांतली आणखी एक अट आडवी येते. माहिती आणि तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या आहेत, म्हणजे सरकारने नियमांत सांगितलेल्या ठरावीक कारणांसाठी त्या मागितल्या तर देता येतील. म्हणूनच ‘मागताक्षणी पुसू’ हे वचन धोक्याचे आहे; ते पाळले तर ही अट मोडते आणि अट पाळली तर वचन मोडते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे पत्ताही दोन वर्षे ठेवावा असे काही सल्लागार म्हणतात. माझे मत वेगळे आहे. ताईंचा माल फार तर सहा महिने टिकतो. खवट पापडाची तक्रार येते ती चार-आठ दिवसांत. दोन वर्षांच्या आत कोणी आयोगाकडे गेलेच तर व्यवहार दाखवायला बिल असते. फर्निचर किंवा मिक्सर विकणाऱ्याने, जिथे वॉरंटी चालू असते, वेगळा आकडा धरावा. खाद्यपदार्थांना एक वर्ष पुरते.

कलम असे लिहिले:

*‘तुमचा पत्ता आणि मोबाईल नंबर ऑर्डरच्या तारखेपासून एक वर्ष आमच्याकडे राहतो. माल बदलून देणे, पैसे परत करणे आणि तक्रार सोडवणे यासाठी तो लागतो, आणि कायद्यानेही तो किमान एक वर्ष ठेवावा लागतो. वर्ष पूर्ण झाल्यावर येणाऱ्या एप्रिल किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तो पुसतो. म्हणजे तो आमच्याकडे जास्तीत जास्त दीड वर्ष असतो. तुमची तक्रार चालू असेल, तर ती मिटेपर्यंत ठेवतो.*

*बिलावर साधारणपणे तुमचे नाव आणि राज्य एवढेच असते. बिल जीएसटी कायद्यामुळे पावणेसात ते पावणेआठ वर्षे ठेवावे लागते.*

*मेसेजसाठी दिलेला नंबर तुम्ही “बंद” म्हणेपर्यंत यादीत राहतो. दोन वर्षांत तुमची एकही ऑर्डर आली नाही, तर आम्ही तो आपणहून काढतो.’*

वर्षातून दोनदा पुसण्याची कल्पना मुलीची. रोज कोणाची मुदत संपली हे बघत बसणे दोन माणसांच्या घरात होत नाही, आणि जे होत नाही ते कलमात लिहून उपयोग नाही. इंदूरच्या ऑर्डरचे वर्ष १५ ऑक्टोबर २०२७ ला भरते. पहिला आठवडा तेव्हा उलटून गेलेला असतो, म्हणून तो पत्ता एप्रिल २०२८ मध्ये पुसला जाईल.

पुसणे म्हणजे वेबसाइटच्या यादीतून काढणे एवढेच धरले तर कलम पहिल्याच दिवशी खोटे ठरते. त्याच पत्त्याच्या बाकीच्या प्रती आठवा. फोनमधला सेव्ह केलेला नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा तो संवाद काढायचा, आणि फोनचा बॅकअप कुठे जातो तेही बघायचे. सीएंना गेलेल्या एक्सेल फाइलची गोष्ट सोपी झाली, कारण आता त्या फाइलमध्येही नाव, राज्य आणि रक्कम एवढेच रकाने आहेत. पण ‘पाठवलेले मेल’ या फोल्डरमध्ये जुन्या फाइली पडून आहेत. नव्या नमुन्याच्या आधीच्या बिलांवर पत्ते छापलेले आहेत, आणि ती बिले मुदत संपेपर्यंत तशीच राहणार. त्यामुळे कलमातल्या ‘साधारणपणे’ या शब्दाला जोडून एक ओळ वाढवावी लागली: *‘नमुना बदलण्याच्या आधीच्या बिलांवर पत्ता आणि नंबर आहे.’*

सगळ्यांत चिकट निघाले ते कुरियरचे पॅनेल. आपण ज्यांच्याकडून काम करून घेतो त्यांच्याकडूनही माहिती पुसून घ्यायची जबाबदारी कायद्याने विक्रेत्यावर टाकली आहे. पॅनेलमध्ये ‘सेव्ह केलेले पत्ते’ असा भाग होता, तो ताईंना रिकामा करता येतो. पोहोचवलेल्या पार्सलांची यादी मात्र पुसायचे बटण तिथे नव्हते. कुरियर कंपनीला मेल करून विचारले, तेव्हा त्या नोंदी आमच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे राहतात, असे उत्तर आले. ते उत्तर जपून ठेवले, आणि धोरणात ‘व्यावसायिक भागीदार’ होते त्या जागी कुरियर कंपनीचे, पेमेंट गेटवेचे आणि वेबसाइट चालवणाऱ्या सेवेचे नाव घालून पुढे लिहिले:

*‘कुरियर कंपनीच्या पॅनेलवर आम्ही साठवलेला तुमचा पत्ता आम्ही वरच्या मुदतीत काढतो. पार्सल पोहोचवल्याची नोंद कुरियर कंपनी स्वतःच्या नियमांप्रमाणे ठेवते. ती पुसणे आमच्या हातात नाही. त्याबद्दल विचारायचे असेल तर आम्हाला कळवा, आम्ही तुमच्या वतीने कंपनीला लिहू.’*

त्याखाली ताईंचे नाव, फोन, तक्रारीला किती दिवसांत उत्तर देणार ते, आणि तरीही समाधान झाले नाही तर डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे कसे जायचे ते आले. सगळ्यांत शेवटी मसुद्याची तारीख. धोरण बदलले की जुना मसुदा त्या तारखेसह एका फोल्डरमध्ये ठेवायचा, कारण संमतीच्या रकान्यात नोंदवलेला मसुदा कोणता हे नंतर त्यावरूनच दाखवता येते.